कच्चे पीठ का चाखू नये आणि लाडवाचे पीठ शेवटपर्यंत का भाजावे

घरात पहिल्यांदाच लाडू करायला बसणाऱ्याला दोन प्रश्न हमखास पडतात. पीठ मधूनमधून चाखून पाहिले तर चालते का, हा पहिला. आणि खमंग वास आला की गॅस बंद करावा की आणखी भाजावे, हा दुसरा. दोन्हींचे उत्तर एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे पिठातले जिवाणू. हा लेख मराठवाड्यातल्या घराघरांत, विशेषतः बाळंतिणीसाठी आणि थंडीच्या दिवसांत होणाऱ्या, गव्हाच्या पिठाच्या गुळाच्या लाडवांना धरून लिहिला आहे. बेसन आणि रव्यालाही यातले बहुतेक सगळे लागू पडते.

पिठात जिवाणू येतात कुठून

पीठ पांढरे, कोरडे आणि भुकटीसारखे असल्यामुळे ते तयार खाद्यपदार्थ आहे असे आपण मनाशी धरून चालतो. प्रत्यक्षात ते कच्चे धान्यच असते, फक्त बारीक केलेले. गहू शेतात उभा असताना त्यावर पाखरे बसतात, जनावरे फिरतात, शेणखताची माती उडते. कापणीनंतर तो खळ्यावर किंवा मळणीयंत्रात जातो आणि मग पोत्यांत, कोठीत पडून राहतो, तिथे उंदीर-पालींची ये-जा असते. जनावरांच्या व पक्ष्यांच्या आतड्यांत राहणारे साल्मोनेला आणि ई. कोलाय हे जिवाणू या वाटेवर कुठेही दाण्याला चिकटू शकतात. दळण पाखडून, निवडून दिले की खडे आणि कचरा जातो, जिवाणू जात नाहीत.

गिरणीतून पीठ गरम येते, त्यामुळे त्यातले सगळे मरत असेल, असा एक समज आहे. तो खरा नाही. डब्यात पडणारे पीठ हाताला गरम लागते, पण हात त्यात ठेवता येतो. म्हणजे ती उष्णता जिवाणू मारण्याच्या जवळपासही नसते. शिवाय गावातल्या गिरणीत आपल्या दळणाच्या आधी दुसऱ्याचे दळण झालेले असते आणि त्याचे थोडे पीठ जात्यात व पोत्याच्या नळीत राहिलेलेच असते. पाकीटबंद पिठालाही साधारणपणे उष्णतेची कोणतीही प्रक्रिया केलेली नसते, त्यामुळे ते या बाबतीत गिरणीच्या पिठापेक्षा वेगळे धरू नये.

कोरड्या पिठात हे जिवाणू वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. महिनोन्महिने ते निपचित पडून राहतात. पिठाला पाणी लागले आणि ऊब मिळाली की ते पुन्हा वाढू लागतात. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा स्वयंपाकघरात दोन-तीन तास तसेच ठेवलेले भज्यांचे पीठ म्हणजे त्यांना हवी तशी जागा झाली. एवढ्या उन्हाळ्यात भिजवलेले पीठ तासाभराच्या आत तळून किंवा तव्यावर घालून संपवावे, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावे. फ्रिजमध्ये जिवाणूंची वाढ मंदावते. असलेले जिवाणू त्याने मरत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

चाखण्याची सवय आणि तिला पर्याय

अमेरिकेत २०१६ साली मैद्यामुळे ई. कोलायची मोठी साथ आली होती आणि तिचा माग काढताना तपासणाऱ्यांना दोन प्रकारची माणसे सापडली. काहींनी केक-बिस्किटांचे कच्चे पीठ चाटले होते.  काही लहान मुलांना मात्र उपाहारगृहात खेळायला कच्च्या कणकेचा गोळा दिला होता. आपल्याकडे केकचे पीठ चाटणारे कमी असतील, पण पोळ्या करताना पायाशी घुटमळणाऱ्या लेकराच्या हातात कणकेची गोळी देऊन त्याला गुंतवून ठेवणे ही तर रोजची गोष्ट आहे. ते लेकरू चिमणी करते, साप करते आणि तोच हात तोंडात घालते.

शिगा विष तयार करणाऱ्या ई. कोलायच्या बाबतीत मात्रेचा भरवसा नसतो. शंभराहून कमी जिवाणू पोटात गेले तरी आजार होऊ शकतो, म्हणून ‘बोटभरच तर चाखले’ हा युक्तिवाद इथे फारसा उपयोगाचा नाही. बहुतेक वेळा बोटभर चाखल्याने काहीच होत नाही, हेही तितकेच खरे आहे. कारण प्रत्येक पिठात हे जिवाणू नसतात. अडचण अशी की ज्या पिठात ते आहेत ते पीठ दिसायला, वासाला आणि चवीला अगदी नेहमीसारखेच असते. निरोगी मोठा माणूस दोन-चार दिवस पोट बिघडून सावरतो, पण पाच वर्षांखालील मूल, गरोदर किंवा बाळंतीण बाई, म्हातारी माणसे आणि कर्करोगासारख्या आजाराचे उपचार चालू असलेले रुग्ण यांच्यासाठी हा जुगार खेळण्यासारखा नाही.

आता पर्यायाचे. भज्यांचे पीठ कालवून झाले की सासूबाई हाक मारतात, “मीठ बरोबर हाय का बघ गं जरा,” आणि सून बोट बुडवून चाटते. त्याऐवजी तेल तापल्यावर एकच छोटे भजे आधी सोडावे, ते आतपर्यंत तळू द्यावे आणि मोडून चाखावे. मीठ कमी असेल तर उरलेल्या पिठात घालता येते, आणि तेल पुरेसे तापले आहे की नाही हेही त्याच भज्यावर कळते. धिरडी किंवा धपाटे करताना तव्यावर चमचाभर पिठाचा रुपयाएवढा तुकडा टाकून दोन्ही बाजूंनी भाजून चाखावा. मीठ मोजून घालण्याची सवय लागली तर ही वेळही क्वचितच येते.

मुलांच्या खेळासाठी कणकेऐवजी उकड द्यावी. एक वाटी पाणी उकळून त्यात वाटीभर ज्वारीचे किंवा तांदळाचे पीठ घालावे, घोटून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर चांगली वाफ येऊ द्यावी. निवल्यावर मळून तिचा मऊ गोळा होतो. ओल्या वाफेत जिवाणू टिकत नाहीत, त्यामुळे तो गोळा तोंडात गेला तरी काळजी नाही, मात्र तो त्याच दिवशी टाकून द्यावा.

कोरड्या पिठाला इतकी आच का लागते

ही गोष्ट समजली की भाजण्याच्या बाबतीत पुढचे सगळे आपोआप कळते. ओल्या पदार्थात, म्हणजे दुधात, वरणात किंवा मांसात, साल्मोनेला ७४ अंश सेल्सिअसला जवळजवळ लगेच मरतो. पाणी असले की उष्णता जिवाणूच्या आतल्या प्रथिनांची घडी चटकन मोडते. कोरड्या पिठात मात्र तोच जिवाणू स्वतःही सुकलेला असतो, त्याची प्रथिने घट्ट आवळलेली असतात आणि ती मोडायला कितीतरी जास्त उष्णता व वेळ लागतो. कोरड्या पिठाला ८० अंशांवर ठेवले तरी दर दहा जिवाणूंपैकी नऊ मरायला काही मिनिटे जातात. मग उरलेल्यांतल्या दर दहापैकी नऊ मरायला पुन्हा तितकीच. तुपासारखा स्निग्ध पदार्थही जिवाणूभोवती थोडे कवच धरतो. म्हणून ‘पीठ चांगले गरम झाले’ आणि ‘पीठ भाजले गेले’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि त्यांच्यामधल्या वेळेतच बहुतेक नवशिके गॅस बंद करतात.

याच कारणामुळे पीठ मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटे फिरवणे किंवा ओव्हनमध्ये ताटात पसरून पाच मिनिटे तापवणे हा पिठाला ‘सुरक्षित’ करण्याचा मार्ग मानू नये. अन्नसुरक्षेचे जाणकार तसे करू नका असेच सांगतात, कारण ताटाच्या कडेला पीठ करपते तेव्हा मध्यभागी ते नुसते कोमट असू शकते. लाडवाचे भाजणे यापेक्षा वेगळे आहे. ते अर्धा तास चालते, पीठ सतत हलत असते आणि शेवटी रंग बदलेपर्यंत तापते. पीठ तपकिरी होऊ लागते तेव्हा ते १०० अंशांच्या बरेच वर गेलेले असते. घरच्या कढईतून कुणी निर्जंतुकतेचा दाखला देऊ शकत नाही, परंतु अर्धवट भाजलेल्या आणि पूर्ण भाजलेल्या पिठातला फरक मोठा आहे.

अर्धा किलो पिठाचे लाडू, पायरीपायरीने

प्रमाण असे धरावे: गव्हाचे किंचित रवाळ पीठ ५०० ग्रॅम, साजूक तूप २५० ग्रॅम, किसलेला गूळ ३०० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचा कीस १०० ग्रॅम, आणि आवडीप्रमाणे तळून फुलवलेला डिंक, खारकेची पूड, सुंठ व वेलदोडा. कढई जाड बुडाची आणि पसरट हवी. अर्धा किलो पीठ घातल्यावर ते तीन-चार बोटांहून जास्त जाड थर करत असेल तर दोन घाणे करावेत, कारण जाड थरात वरचे पीठ बुडाशी येईपर्यंत खालचे लागते.

सुरुवातीलाच पीठ चाळून घ्यावे. हे गुठळ्यांसाठी आहे. पिठाची गुठळी ही भाजण्यातली सर्वांत फसवी वस्तू असते. चाळणी, पिठाचा डबा आणि पीठ मोजलेली वाटी लगेच बाजूला ठेवावी, हात साबणाने धुवावेत आणि ओट्यावर सांडलेले पीठ ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. या वस्तू पुढे भाजलेल्या पिठाजवळ येऊ द्यायच्या नाहीत.

आधी खोबरे कोरडेच गुलाबीसर भाजून काढावे. मग तुपाचा पाऊण भाग कढईत वितळवावा, पीठ घालावे आणि मध्यम आचेवर उलथन्याने सारखे हलवत राहावे. पहिली पाच-सात मिनिटे पीठ तूप पिऊन जड होते, उलथन्याला ओढ लागते आणि कच्च्या कणकेचा वास येत राहतो. या टप्प्यावर आच मंद करावी. एक गोष्ट इथे करून पाहण्यासारखी आहे: स्टीलची थंड, कोरडी ताटली कढईवर दोन वीत उंचीवर क्षणभर धरावी. तिच्या तळाला धुक्यासारखी ओल धरते. गव्हाच्या पिठात वजनाच्या साधारण १० ते १४ टक्के पाणीच असते आणि ते आता बाहेर पडत असते. हे पाणी निघून जाईपर्यंत बरीचशी आच त्यातच खर्च होते आणि पीठ फारसे वर तापत नाही.

बारा-पंधरा मिनिटांनी पीठ हलके होऊ लागते. उलथने सहज फिरते, तूप कडेने सुटल्यासारखे दिसते आणि कच्चा वास जाऊन पहिला खमंग वास येतो. बहुतेकांची चूक इथेच होते. हा वास कढईच्या बुडाशी आणि कडेला असलेल्या पिठाचा असतो, सगळ्या पिठाचा नसतो. उरलेले तूप आता घालावे आणि आणखी बारा ते पंधरा मिनिटे मंद आचेवरच भाजत राहावे. उलथन्याने कडेचे पीठ मध्ये आणि बुडाचे वर असे उलटत राहावे, नुसते गोल फिरवू नये. एखादी गुठळी दिसली तर ती उलथन्याच्या पाठीने कढईच्या कडेवर दाबून फोडावी आणि आत पाहावे. बाहेरून बदामी झालेल्या गुठळीच्या पोटात पांढरे, कोरडे पीठ निघाले तर ते तेवढे पीठ कच्चे आहे असे समजावे. बाकीचे कितीही छान दिसत असले तरी अशा गुठळ्या फुटून त्यांचा रंग इतर पिठासारखा होईपर्यंत भाजणे संपलेले नाही.

भाजणे पुरे झाल्याच्या खुणा एकट्या-दुकट्या धरू नयेत. सगळ्या पिठाचा रंग एकसारखा बदामी-तपकिरी हवा. वर धरलेल्या ताटलीला ओल धरायला नको. पीठ मोकळे, वाळूसारखे सरसर पडायला हवे. आणि वास कढईजवळच नव्हे तर घरभर पसरलेला हवा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी आणि कडेला तीन-चार ठिकाणी टोक खुपसून पाहावे. सगळीकडे आकडा १०० अंशांच्या बराच वर हवा आणि तो तसा काही मिनिटे राहायला हवा. एका जागी कमी दाखवला तर त्या जागेवरूनच निर्णय घ्यावा. मोठ्या आचेवर दहा मिनिटांत रंग आणणे शक्य असते, परंतु तो रंग पिठाच्या बाहेरच्या थराचा असतो, म्हणून घड्याळही बघावे. आमच्या भागात चुलीवर भाजणाऱ्या बायका लाकडे मागे ओढून निखाऱ्यावर पीठ भाजतात. ते बरोबरच आहे, फक्त निखारे विझत आले तर शेवटची दहा मिनिटे वाया जातात.

गॅस बंद केल्यावरही पाच मिनिटे हलवावे, कारण जाड बूड तापलेले असते आणि तळचे पीठ करपू शकते. नंतर पीठ स्वच्छ, कोरड्या परातीत काढावे. कच्चे पीठ ज्या परातीत ठेवले होते तीच पुन्हा घेऊ नये. अर्ध्या तासाची मेहनत एका परातीने फुकट घालवायची तर तीच रीत आहे. पीठ हाताला सोसेल इतके कोमट झाले की गूळ, खोबरे, डिंक आणि बाकीचे मिसळून लाडू वळावेत. गोडाचा अंदाज चाखून घ्यायचा तो आता घ्यावा. आता चाखायला काही हरकत नाही.

वळताना होणाऱ्या दोन चुका

मिश्रण सैल झाले, तूप जास्त झाले, की डब्यातले मूठभर पीठ त्यात टाकून ते घट्ट करण्याचा मोह होतो. कधीकधी हाताला चिकटू नये म्हणून कोरडे पीठ लावूनही लाडू वळतात. या पिठाला आता कोणतीही आच लागणार नाही. म्हणून भाजतानाच वाटीभर पीठ जास्त भाजून बाजूला ठेवावे आणि घट्ट करायचे तर तेच वापरावे, किंवा भाजलेले खोबरे, खारकेची पूड वाढवावी.

दुसरी चूक उलट दिशेची आहे. लाडू वळत नाहीत म्हणून दूध किंवा पाणी शिंपडतात. काही जिवाणू, उदाहरणार्थ बॅसिलस सीरियस, बीजाणू, म्हणजे कठीण कवचातले निपचित रूप, करून राहतात आणि ते भाजण्यालाही पुरून उरतात. कोरड्या, तुपाच्या लाडवात त्यांना पाणी मिळत नाही म्हणून ते वाढत नाहीत आणि लाडू दोन-तीन आठवडे टिकतात. दूध शिंपडले की ते कारण संपते. वळत नसेल तर चमचाभर तूप कोमट करून घालावे. दूधच घातले असेल तर असे लाडू फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावेत.

भाजूनही जे जात नाही

ओल लागून बुरसा आलेल्या धान्याचे किंवा कुबट वास येणाऱ्या पिठाचे लाडू करू नयेत. बुरशीचे काही विष, विशेषतः अफ्लाटॉक्सिन, घरच्या भाजण्याने नष्ट होत नाही. पावसाळ्यात भिजलेले पोते असेल तर हे आवर्जून पाहावे.

मुगाच्या लाडवांसाठी किंवा सातूच्या पिठासाठी आधी धान्य भाजून मग दळतात. दाणा नीट भाजला असेल तर तो भाग चांगला होतो, परंतु ते दळण सार्वजनिक गिरणीत कच्च्या गव्हामागून गेले तर त्यात कच्चे पीठ मिसळते. अशा पिठाचे लाडू करताना ते तुपावर नुसते परतू नये, पुन्हा दहा-पंधरा मिनिटे तरी चांगले भाजावे. सातूचे पीठ तर आपण थेट पाण्यात किंवा ताकात कालवून खातो, म्हणून ते घरच्या मिक्सरवर दळणे अधिक बरे. रव्याच्या लाडवात गरम पाक घालतात म्हणून रवा कमी भाजला तरी चालेल, असेही समजू नये. पाक रव्यात पडताक्षणी निवू लागतो.

पोट बिघडलेच तर

साल्मोनेलाने साधारण सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही ताप, पोटात कळा आणि जुलाब सुरू होऊ शकतात. ई. कोलायला बहुधा तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे चार दिवसांपूर्वी चाखलेले पीठ कुणाच्या लक्षातही राहत नाही. ओआरएस घोट-घोट देत राहावे. शौचात रक्त दिसले, लघवी कमी झाली, मूल पांढरे फटक पडले किंवा सुस्त झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, आणि जुलाब थांबवण्याची किंवा प्रतिजैविकाची गोळी दुकानातून आपल्या मनाने आणून देऊ नये, ई. कोलायच्या या प्रकारात त्यांनी मूत्रपिंडाचा त्रास वाढू शकतो. डॉक्टरांना कच्चे पीठ किंवा अर्धवट भाजलेले लाडू खाल्ल्याचे सांगावे.

लाडू वळल्यावर कच्चे लागले तर

लाडू तोंडात टाकल्यावर टाळूला चिकटला, पीठसर लागला किंवा मागे कच्च्या कणकेची चव राहिली तर तो नीट भाजलेला नाही. गूळ घातलेले मिश्रण पुन्हा कढईत भाजता येत नाही. गूळ वितळून बुडाला लागतो आणि पीठ भाजण्याच्या आधी तो करपतो. म्हणून असे लाडू फोडून कुस्करावेत, दर वाटी चुऱ्याला दीड ते दोन वाट्या पाणी किंवा दूध उकळावे, त्यात चुरा घालून घोटावे आणि झाकण ठेवून सात-आठ मिनिटे सणसणीत वाफ येऊ द्यावी. मध्ये एकदा तळापासून हलवावे. गव्हाच्या पिठाचा मऊ शिरा होतो, आणि ओल्या वाफेत शिजल्यामुळे जे काम कोरड्या आचेला अर्धा तास लागले असते ते इथे काही मिनिटांत होते. तो गरम असतानाच वाढावा.